फोटोतल्या वन्सं



दशलक्षण पर्वाआधी आमच्याकडे सगळं घर झाडून-पुसून होतं. यंदा बैठकीतल्या मोठ्या फोटोच्या काचेआड कसर फिरताना दिसली. जीव चिरडू नये म्हणून फ्रेम खाली उतरवली, मागचे खिळे हलक्या हाताने काढले आणि फोटो खिडकीपाशी आणला. २००८ मध्ये लग्न होऊन आले तेव्हापासून हा फोटो रोज बघतेय, पण काचेशिवाय, उजेडात, पहिल्यांदाच बघितला.

फोटो श्रवणबेळगोळचा, १९९३ च्या महामस्तकाभिषेकाच्या वेळचा. विंध्यगिरीच्या पायऱ्यांवर घरची सगळी मंडळी अनवाणी उभी आहेत. मागच्या रांगेत, मोठे काका आणि काकूंच्या मध्ये माझ्या वन्सं. त्यांना मी कधी भेटले नाही. २००४ मध्ये काविळीने त्या गेल्या. मुलांना मी नेहमी सांगायची, "बघा, आत्याने बाहुबलींचं दर्शन घेतलं होतं." थोरल्याने तर पाठशाळेत तसं बोलूनही दाखवलं होतं.

त्या दिवशी पहिल्यांदा नजर गेली ती त्यांच्या गळ्याकडे. गळ्यात मंगळसूत्र होतं. पण वन्संचं लग्न १९९८ चं! पत्रिका अजून कपाटात आहे. मग मात्र मी सासऱ्यांचं भिंग आणलं.

ऊन डावीकडून आलेलं. प्रत्येकाचा डावीकडचा गाल उजळ, नाकाची सावली उजवीकडे. वन्संच्या तोंडावर सावलीच नव्हती. समोरून फ्लॅश मारल्यावर कपाळ चमकतं, तसं चमकत होतं. बाकीच्यांचे चेहरे भिंगाखाली रवाळ दिसत होते, त्यांचा गुळगुळीत. आणि केस! वाऱ्याने काकूंच्या बटा उडालेल्या, वन्संच्या केसांची कड मात्र कात्रीने कापल्यासारखी. त्यांना मागच्या रांगेत का उभं केलंय, तेही लक्षात आलं. तिथे पाय दाखवावे लागत नाहीत, आणि पायाखालची सावलीही.

तरी मन म्हणत होतं, आपल्याला भास होत असेल. जुना फोटो स्कॅन करून पुन्हा छापला की कागद सगळीकडे एकसारखाच असतो, त्यावर हात फिरवून काही कळत नाही. खरं काय ते निगेटिव्हच सांगते. ट्रंकेत स्टुडिओचं पाकीट सापडलं. पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. काका आणि काकूंच्या मध्ये कुणीच नव्हतं, नुसता मागचा कातळ.

सासूबाई सामायिक करून उठल्या तेव्हा मी पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बघितलीच नाही.

"मीच करून घेतलं," त्या म्हणाल्या. "तुझं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी. तिच्या लग्नाच्या अल्बममधला फोटो दिला होता."

मग सगळं बोलल्या. १९९३ मध्ये आजेसासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. कुणीतरी घरी राहायला हवं होतं. वन्संनी आठवडाभर आधी पिशवी भरून ठेवली होती. सासूबाईंनीच ती रिकामी करायला लावली. म्हणाल्या, "आता आजीला सांभाळ. बारा वर्षांनी पुन्हा असतोच, तेव्हा तुला पहिली नेते." वन्सं काही न बोलता राहिल्या. पुढचा अभिषेक २००६ मध्ये झाला.

"आम्ही गेलो तेव्हा," सासूबाई म्हणाल्या, "प्रत्येक पायरीवर ती पिशवी दिसत होती."

मला काय बोलावं सुचेना. खोटा फोटो भिंतीवर ठेवायचा तर सत्यधर्माच्या दिवशी मुलांना कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि काढायचा तर म्हातारीच्या हातून लेक दुसऱ्यांदा मागे राहणार. मी विचारलं, "आई, निगेटिव्हवरून मूळ फोटो पुन्हा काढून आणू का?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आण. पण हा टाकू नकोस. ह्याच्या मागे खरं लिही. मी सांगते तसं."

शाई कागदात उतरते म्हणून मऊ पेन्सिलीने लिहिलं: 'ही त्या दिवशी इथे नव्हती. आजीची सेवा करत घरी होती. मी तिला नेलं नाही. नंतर मीच तिला इथे लावलं. आई.' खाली तारीख घातली. कसर हलकेच अंगणात सोडली आणि कोरा पुठ्ठा लावून फ्रेम बंद केली.

आता बैठकीत मूळ फोटो आहे. वन्संचा सासूबाईंच्या खोलीत, पलंगासमोर. थोरल्याला मी संध्याकाळी जवळ बसवून सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे आत्या गेलीच नाही?"

"नाही रे," सासूबाई आतून म्हणाल्या. "मी नेली नाही."

क्षमावाणीला आमच्याकडे लहानांनी मोठ्यांची क्षमा मागायची पद्धत आहे. यंदा सगळ्यांचं झाल्यावर सासूबाई आपल्या खोलीत गेल्या, फोटोसमोर हात जोडून उभ्या राहिल्या. मी दार ओढून घेतलं.