मालवणची छत्तीस मिनिटं

आमच्या खळ्यात तुळशी वृंदावनाच्या उत्तरेला एक चिरा होता आणि त्यावर कोयत्याने ओढलेली रेघ. सावली रेघेवर आली की आजी म्हणायची, "सूर्य माथ्यार इलो, बारा झाले," आणि आम्हा भावंडांची पानं मांडली जायची. मुंबईहून गिरणीतले आजोबा रजेवर आले की वाद ठरलेला. त्यांच्या खिशातल्या घड्याळात तेव्हा साडेबारा होऊन गेलेले असत. आजीचं उत्तर एकच, "तुमचा घड्याळ खोटा सांगता."

दोघंही बरोबर होती. आपलं प्रमाण वेळेचं रेखावृत्त 82.5 अंशांवर, मालवण साधारण 73.5 वर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून नऊ अंशांची छत्तीस मिनिटं. मुंबई आणखी जराशी पश्चिमेला, तिची एकोणचाळीस.

पूर्वी गावोगाव आपापला सूर्य चाले, कुणाचं अडत नसे. अडलं ते आगगाडीमुळे. एकाच रुळावर समोरासमोर गाड्या सोडायच्या तर दोन स्टेशनांची घड्याळं जुळायलाच हवीत. मग रेल्वेने मद्रासची वेळ सगळीकडे लावली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे, त्यामुळे शहरात साडेनऊ वाजले की वेळापत्रकात दहा. हिशेब चुकला की गाडी गेलीच.

1 जानेवारी 1906 पासून सरकारने आणि रेल्वेने आजची प्रमाण वेळ घेतली. मुंबई चिडली. त्याच महिन्यात गिरणी कामगारांनी संपही केला, कारण काटा एकोणचाळीस मिनिटं पुढे म्हणजे तेवढंच लवकर, अंधारात, घर सोडायचं. नगरपालिकेने तर जुनी 'मुंबई टाइम' स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं सोडली नाही. आजोबांची सगळी नोकरी अशी दोन घड्याळांच्या शहरात गेली. कुणी वेळ सांगितली की ते आधी विचारत, "खयचो टायम?" ही सवय म्हातारपणीही गेली नाही, आणि आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो.

गंमत अशी की आमच्याकडे तेव्हा रेल्वे नव्हतीच. मुंबईला जायचं तर बोट. रूळ नसलेल्या गावात रेल्वेची वेळ आली ती चाकरमान्यांच्या खिशातून. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला 1998 च्या जानेवारीत, प्रमाण वेळेनंतर ब्याण्णव वर्षांनी.

आजीची रेघ पडताळायची तर एक ध्यानात ठेवा: सूर्यही वर्षभर घड्याळासारखा चालत नाही. रेघेवर सावली फेब्रुवारीच्या मध्याला बारा पन्नासच्या सुमारास येते, नोव्हेंबरच्या आरंभी बारा वीसलाच. जून-जुलैत पावसामुळे सावलीच नसते. तेव्हा आजी आजोबांना हाक मारून विचारायची, "वाजले किती ओ?"

चिरा अजून तिथेच आहे. शेवाळ खरवडावं लागतं.