आठांतले कामाचे किती?

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका मराठी शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते. तासिका पस्तीस मिनिटांची आणि वर्गात साठ मुलं. वर्गातून मैदानात येणं, हजेरी, गट पाडणं आणि शेवटी हातपाय धुऊन पुन्हा रांग, एवढं वजा केलं की खेळायला जेमतेम वीस मिनिटं उरतात. प्रश्न विचारायला म्हणून सगळ्यांना शिटी मारून गोळा करायचं, बसवायचं, उत्तरं घ्यायची आणि पुन्हा जागेवर पाठवायचं, यात एका खेपेला दोन मिनिटं सहज जातात. असं चारदा केलं, तर वीसपैकी आठ मिनिटं बसण्यात गेली. शिवाय उत्तरं देतात ती नेहमीचीच पाच-सहा मुलं.

विचार करायला लावणारा प्रश्न आणि घाम काढणारा खेळ या दोन्ही गोष्टी मला एकाच तासात हव्या होत्या. प्रश्न नेमका कुठे बसवायचा, हे मला खो-खोने शिकवलं. या खेळाची घडणच तशी आहे. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण बसलेले असतात आणि एकच धावत असतो. पळणाऱ्या संघाचे तिघे आत असतात आणि सहा जण रेषेबाहेर आपल्या पाळीची वाट बघतात. म्हणजे खेळ ऐन रंगात असतानाही मैदानावर डोकं मोकळं असलेली चौदा मुलं असतात. प्रश्न त्यांना विचारायचा. धावणाऱ्याला धावू द्यायचं.

सातवीच्या वर्गाचं उदाहरण सांगते. ऑक्टोबरात चिखल वाळल्यावर आम्ही फक्की मारून दोन आखूड मैदानं आखली. शाळेच्या एका अंगाला बावखल आहे आणि दुसऱ्या अंगाला रस्ता, म्हणून मुलांच्या तोंडी ‘बावखलाची बाजू’ आणि ‘रस्त्याची बाजू’ हीच नावं बसली. डाव तीन-तीन मिनिटांचा. मुलांची अडचण बघताक्षणी कळत होती. पळणारा मधल्या पाटीतून पलीकडे गेला रे गेला की पाठलाग करणारा शेजारी असेल त्याला घाईघाईने खो देऊन मोकळा व्हायचा. नवा गडी उठेपर्यंत पळणारा तीन घरं पुढे गेलेला असायचा. ‘ज्याची पाठ तुझ्याकडे, त्याला खो’ हा नियम सगळ्यांना पाठ होता. त्यातून खेळायचं कसं, ते मात्र कुणाला सुचत नव्हतं.

सांगून टाकणं सोपं होतं. पण सांगितलेलं त्या डावापुरतं टिकतं, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. म्हणून मी पहिला प्रश्न गोठवून विचारला. पळणारा रस्त्याच्या बाजूला निसटला आणि पाठलाग करणारी मुलगी बावखलाच्या बाजूला राहिली, त्या क्षणी शिटी दिली. जो जिथे आहे तिथेच थांबायचं, हे आधी ठरलेलं होतं. प्रश्न एकच होता: “आत्ता बसलेल्या आठांतले कामाचे किती? मुठी छातीशी धरा. मी तीन म्हणेन तेव्हा बोटं दाखवा.” मग मनात सावकाश तीन अंक मोजले, ‘तीन’ म्हटलं आणि बोटं वर आली. काहींनी आठ दाखवली, बऱ्याच जणांनी एक, थोड्यांनी चार. उत्तर कोणतं बरोबर ते मी सांगितलं नाही. शिटी दिली आणि खेळ सुरू झाला. सगळा प्रकार पंधरा-वीस सेकंदांत आटोपला.

गोळा करण्यापेक्षा गोठवणं बरं पडतं, कारण प्रश्न ज्याच्याबद्दल आहे ते चित्र समोर जसंच्या तसं उभं असतं. मुलांना काही आठवावं लागत नाही, फक्त बघावं लागतं. तीन अंकांच्या शांततेलाही आधार आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजून पाहिलं, तेव्हा प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबत होते. थांबणं तीन सेकंदांवर नेलं, तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. मैदानावर तीन सेकंद फार मोठे वाटतात, म्हणून ते मोजावेच लागतात. बोटं एकदम दाखवायची, हाही नियम हवा. नाहीतर सगळे हुशार मुलाच्या हाताकडे बघून बोटं वाढवतात.

बोटांचा आणखी एक फायदा आमच्या भागात फार जाणवतो. माझ्या वर्गात घरी कादोडी बोलणारी मुलं आहेत, वाडवळी बोलणारी आहेत आणि नालासोपाऱ्याहून येणारी हिंदी घरांतलीही आहेत. तोंडी उत्तर मागितलं की प्रमाण मराठी सफाईने बोलणारी मुलं पुढे होतात. बोट दाखवायला भाषा लागत नाही. एरवी मागच्या रांगेत लपणारा एक मुलगा पहिल्यापासून चार बोटं दाखवत होता. त्याला खेळ कळतो, हे मला त्या बोटांमुळे समजलं.

दुसरा प्रश्न रेषेबाहेर वाट बघणाऱ्या सहा जणांसाठी होता. त्यांच्याशेजारी उभं राहून, खेळ बघता बघता विचारायचा: “पाठलाग करणाऱ्याला काय करता येत नाही, ते शोधा. आत जायच्या आधी प्रत्येकाने मला एक गोष्ट सांगायची.” पहिले तिघे बाद होईपर्यंत त्यांना वेळच वेळ असतो. एक जण म्हणाला, “बाई, तिला मधली पाटी ओलांडता येत नाही.” दुसरी म्हणाली, “एकदा दिशा धरली की मागे फिरता येत नाही.” तिसरा थोडं थांबून म्हणाला, “पण खांबापलीकडे गेली तर फिरता येतं.” नियमपुस्तकातलं एक पान त्या तिघांनी मिळून सांगितलं, आणि लगेच आत जाऊन ते वापरलंही. पाठलाग करणारी खांबाच्या पुढे गेलेली दिसताच त्यांनी मधल्या भागाकडे धाव घेतली. पुढच्या तिघांना मात्र हाच प्रश्न विचारून चालत नाही, कारण त्यांनी उत्तर ऐकलेलं असतं. त्यांना मी विचारलं, “बसलेल्यांत उठायला उशीर कोण करतंय?”

तिसरा प्रकार बसलेल्यांसाठी होता. हा प्रश्न डाव सुरू व्हायच्या आधी हातात द्यायचा आणि उत्तर डाव संपल्यावर घ्यायचं. “तुला खो मिळेल तेव्हा बघ, पळणारा तुझ्या समोर आहे की पुढे गेलेला.” डाव बदलताना बाजू बदलायला जो वेळ जातो, त्यातच पळणारा ज्यांच्या समोर होता त्यांनी उजवा हात वर करायचा आणि ज्यांच्या पुढे गेला होता त्यांनी डावा. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळे डावे हात वर आले. मुलांनी एकमेकांच्या हातांकडे पाहिलं आणि कुजबुज सुरू झाली. मला काहीच बोलावं लागलं नाही.

एव्हाना चार हे उत्तर बहुतेकांना सापडलं होतं. एकाआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसल्यामुळे रस्त्याकडे तोंड असलेले चारच जण असतात. पळणारा तिकडे गेला की तेच चौघे कामाचे, आणि त्यांचीच पाठ बावखलाच्या बाजूला असते. नियमातली पाठ आणि डावातला उपयोग यांची इथे गाठ पडली. मग पुढच्या डावात दुसऱ्यांदा गोठवून विचारलं, “चौघांतला कोण? हात करून दाखवा.” काहींनी पाठलाग करणाऱ्या मुलीच्या जवळचा दाखवला, काहींनी पळणाऱ्याच्या बरोबरीचा. पुढच्याच धावेत त्या मुलीने जवळच्याला खो दिला नाही. पळणारा पलीकडून धावत होता आणि ती अलीकडून त्याच्या बरोबरीने धावत गेली. बरोबरी साधली तिथेच तिने खो दिला. नवा गडी उठला तो पळणाऱ्याच्या जवळजवळ अंगावर. प्रश्नाचं उत्तर तिने पायांनी दिलं. अर्थात यात धोकाही आहे. फार पुढे गेलं तर मागे फिरता येत नाही आणि कामाचा गडी मागेच राहतो. तो धोका मुलांना पुढच्या दोन डावांत आपोआप कळला.

या सगळ्यात प्रश्नाचे शब्द तोलून वापरावे लागतात. “समजलं का?” विचारलं की साठ तोंडांतून “होऽऽ” येतं आणि कळत काहीच नाही. “आत्ता का दिलास खो?” हे मुलांच्या कानाला रागावण्यासारखं लागतं, ती सबब शोधू लागतात. “काय दिसलं?”, “किती?”, “कोण?”, “कुठे?” हे प्रश्न मैदानाला मानवतात, कारण त्यांची उत्तरं बोटाने, हाताने, पायाने देता येतात. ऐन पाठलागात असलेल्या मुलाला तर कोणताच प्रश्न विचारू नये. त्याला ऐकू येत नाही, आणि ऐकू आलंच तर तो दचकून थांबतो. बाजूने ओरडलेला प्रश्न ही त्याच्यासाठी आज्ञाच असते.

एकदा मुलं मोबाइलवर अल्टिमेट खो-खोचे सामने बघून आली आणि वजीर हवा म्हणून मागे लागली. २०२२ साली सुरू झालेल्या त्या स्पर्धेत पाठलाग करणाऱ्यांच्या एका गड्याला कोणत्याही दिशेला धावायची मुभा दिलेली होती. मी वजीर दिला आणि काही बोलले नाही. पाठलाग करणारी व्यक्ती मागे फिरू शकत नाही, या भरवशावर पळणाऱ्यांची सगळी नागमोडी पळती उभी होती. तो भरवसा गेल्यावर दोन डावांत ती मोडली, आणि तिसऱ्या डावाआधी बाहेरच्या सहा जणांनी आपणहून डोकं जुळवलं. नियम बदलला की खेळच प्रश्न विचारतो. लाफबरोच्या डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२मध्ये मांडलेल्या पद्धतीचा गाभा साधारण हाच आहे: आधी खेळातला पेच, मग त्याला लागणारं कौशल्य.

प्रश्नांचा उपयोग होतोय की नाही, हे मोजायचं काम बरं नसल्यामुळे कडेला बसलेल्या मुलांकडे असतं. ती वहीत दोन रकाने आखतात. नवा गडी उठला तेव्हा पळणारा हाताच्या टप्प्यात असेल तर एका रकान्यात रेघ, नसेल तर दुसऱ्यात. काही आठवड्यांत दुसऱ्या रकान्यातल्या रेघा कमी होत गेल्या. एका मुलीने रेघेशेजारी खांबाची खूण करायला सुरुवात केली, आणि उरलेल्या उशिरा दिलेल्या खोंपैकी बरेच खांबाजवळचे आहेत, हे तिनेच मला दाखवलं. पुढच्या आठवड्याचा प्रश्न मला तिथून मिळाला.

सगळंच विचारून शिकवायचं नसतं. सूर मारताना हनुवटी वर ठेवायची, बसलेल्याच्या पायात पाय घालायचा नाही, ओल्या मैदानावर खांबाला झोंबायचं नाही, हे मी सरळ सांगते आणि करून दाखवते. तिथे शोध लावण्याची किंमत दुखापत असते. ज्या मुलाने खो-खो कधी खेळलेलाच नाही, त्याला पहिले दोन-तीन तास नुसतं खेळू द्यावं. ज्याला अजून काही दिसत नाही, त्याला काय दिसलं म्हणून विचारण्यात अर्थ नाही.

मी तासाला जाताना हजेरीच्या वहीवर एकच प्रश्न लिहून नेते, आणि डावात एकदाच गोठवते. दोनदा गोठवलं की मुलांची नजर पळणाऱ्यावरून माझ्या शिटीकडे वळते. तसं झालं की त्या दिवशी प्रश्न बंद करून वीस मिनिटं निव्वळ खेळ होऊ द्यायचा.