नोंद क्रमांक सात

आमच्या चांदूर बाजारात पदवीला क्षेत्रीय प्रकल्प म्हटला की निम्मे विद्यार्थी संत्र्याकडेच वळतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा प्रकल्प सक्तीचा झाला. तालुक्यात बागा आहेत, घरोघरी कुणी ना कुणी बागायतदार आहे, आणि आंबिया बहाराची गळ हा दरवर्षीचा घोर आहे. गेल्या वर्षी माझ्याकडे मार्गदर्शनाला आलेल्या एका मुलीने हाच विषय घेतला : शिरजगाव कसबा आणि ब्राह्मणवाडा थडी या भागातले शेतकरी फळगळीची कारणं काय सांगतात आणि त्यावर काय करतात.

त्याच वर्षी आम्ही विभागात ठरवलं की चॅटबॉट वापरू द्यायचा, पण दोनच कामांसाठी. एक, प्रश्नावलीचा पहिला कच्चा मसुदा. दुसरं, स्वतः लिहिलेल्या मजकुराची भाषा सुधारणं. माहिती, आकडे, विश्लेषण, निष्कर्ष यांना यंत्राचा हात लागायचा नाही. आणि जे वापराल त्याची नोंदवही ठेवायची. प्रत्येक नोंदीत तारीख, वेळ, साधनाचं नाव आणि पडद्यावर दिसणारं मॉडेलचं नाव, आपण काय विचारलं ते अक्षरशः, काय उत्तर आलं ते अक्षरशः, आणि त्यातलं प्रकल्पाच्या कोणत्या पानावर किती घेतलं, एवढं असावं. मुलांना हे कटकटीचं वाटलं. मला मात्र यात दोन नंबरच्या कामाची काळजी कमी होती. भाषा सुधारण्यात काय बिघडणार, असंच सगळे धरून चालले होते.

त्या मुलीचा मसुदा वाचताना एका वाक्यावर मी थांबले. लिहिलं होतं, ‘गतवर्षी १५ ग्रॅम जिबरेलिक आम्लाची फवारणी केल्याने फळगळ नियंत्रणात आली. यंदा बुरशीजन्य रोग व पाण्याच्या ताणामुळे फळगळ वाढली आहे.’ पंधरा ग्रॅम किती पाण्यात, याचा उल्लेख नाही. शंभर लिटरात धरलं तर तो दीडशे पीपीएमचा डोस होतो. संत्र्याच्या गळीसाठी जीए मारतात ते दहा-पंधरा पीपीएम, म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक ते दीड ग्रॅम. पीपीएम म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम, हा हिशेब इथल्या कृषी केंद्रातला पोऱ्याही तोंडी सांगतो. म्हणजे आकडा दहापट झाला होता.

अशा वेळी पहिला संशय विद्यार्थ्यावर जातो, दुसरा शेतकऱ्यावर. तिने ऐकताना चूक केली असेल, किंवा शेतकरीच चुकीचं बोलला असेल. मी तिला मुलाखतीची वही आणि नोंदवही दोन्ही घेऊन बोलावलं. मुलाखतीच्या वहीत शेतकऱ्याचे शब्द तिने वऱ्हाडीतच उतरवले होते : ‘मांगच्या साली १५ पीपीएम मारलं जीएचं, थोडी गळ थांबली. यंदा बुरशी असंन बुवा, का मंग पाण्याचा ताण बसला असंन. नक्की नाई सांगता येत.’

नोंदवहीत नोंद क्रमांक सात. सूचना तिने अशी दिली होती : ‘हे प्रमाण मराठीत नीट करून दे, अहवालासारखं.’ खाली तोच वऱ्हाडी मजकूर जसाच्या तसा चिकटवलेला. त्याखाली उत्तर, आणि ते उत्तर म्हणजे मसुद्यातली ती दोन वाक्यं.

‘‘मॅडम, म्या तं फक्त भाषा दुरुस्त कराले सांगतलं होतं,’’ ती म्हणाली. आणि ते खरंच होतं. परवानगी दिलेल्या कामाच्या बाहेर ती एक पाऊलही गेली नव्हती.

मग आम्ही दोन्ही मजकूर शेजारी ठेवून शब्दागणिक वाचले. पीपीएमचे ग्रॅम झाले, हा बदल ठळक होता म्हणून सापडला. पण ‘थोडी थांबली’चं ‘नियंत्रणात आली’ झालं होतं. ‘बुरशी, का मंग ताण’ यातला ‘का’ जाऊन तिथे ‘व’ बसला होता, म्हणजे दोन शंकांपैकी एक खरी असेल असं म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडी दोन्ही कारणं ठाम घातली गेली. ‘असंन’ गेलं. आणि ‘नक्की नाई सांगता येत’ हे अख्खं वाक्यच गळालं. अहवालाची भाषा ठाम असते, तशी ती लिहून द्या म्हटल्यावर यंत्राने शेतकऱ्याची शंका काढून टाकली.

ज्याला बाग माहीत आहे त्याला या शंकेची किंमत कळेल. फळ गळण्याची कारणं एकाहून अधिक. ताण, अन्नद्रव्यांची कमतरता, संजीवकांचं असंतुलन यांनी झाड स्वतःच फळं टाकतं. देठाजवळ काळं-तपकिरी पडून गळलं तर बुरशीचा संशय. फळाला बारीक छिद्र आणि भोवती सडलेला गोल भाग दिसला तर रात्री येणारा रसशोषक पतंग. प्रत्येकाचा उपाय वेगळा. जीए मारून पतंग जात नाही आणि बुरशीनाशकाने पाण्याचा ताण भरून निघत नाही. शेतकरी ‘नक्की सांगता येत नाही’ म्हणतो, तेव्हा तो अज्ञान दाखवत नाही, बागेत जाऊन पडलेलं फळ उचलून बघायला हवं असं सांगतो. तिच्या प्रकल्पात पुढे ‘शेतकऱ्यांनी सांगितलेलं कारण’ असा तक्ता होता. त्यात हा शेतकरी ‘बुरशी’च्या रकान्यातही मोजला गेला होता आणि ‘ताणा’च्याही. भाषेच्या दुरुस्तीतून विश्लेषण बदललं होतं, आणि तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

मूळ मजकूर, सूचना आणि उत्तर हे तिन्ही एका पानावर होते म्हणूनच हे उलगडलं. नुसतं ‘भाषा सुधारण्यासाठी चॅटबॉटचा वापर केला’ असं ऋणनिर्देशात लिहिलं असतं, तर ते खरं असूनही त्यातून काहीच कळलं नसतं. तीच सूचना मी पुन्हा देऊन पाहते म्हटलं तरी उपयोग नव्हता, कारण तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की उत्तर वेगळं येऊ शकतं. पुस्तकाचं पान उघडून बघता येतं, या उत्तराकडे परत जाता येत नाही. त्यामुळे उत्तराची प्रत हाच एकमेव पुरावा.

ती प्रत कशी ठेवायची यातही खाचखळगे निघाले. आणखी एका मुलाने नोंदवहीत उत्तरांऐवजी संभाषणाच्या लिंक दिल्या होत्या. घरात फोन एक, खातं एक. धाकट्या भावाने जागा करायला म्हणून सगळी संभाषणं पुसली आणि त्यांच्याबरोबर लिंकही मेल्या. स्क्रीनशॉट टिकतात, पण लांब उत्तराचे तुकडे होतात आणि मधला एखादा तुकडा राहून जातो. म्हणून मजकूर कॉपी करून फाइलमध्ये, त्याच दिवशी, हेच आम्ही पक्कं केलं. दुसरी गोष्ट अशी की उत्तर आवडलं नाही तर मुलं ‘पुन्हा’चं बटण दाबतात, किंवा आपलाच प्रश्न दुरुस्त करून परत पाठवतात. पडद्यावर मग शेवटचाच धागा दिसतो. नोंदीत ‘तिसऱ्यांदा आलेलं उत्तर घेतलं, आधीची दोन सोडली, कारण अमुक’ असं लिहिलं नाही तर निवड कुणी केली आणि कशासाठी केली ते हरवतं.

वेळेवरूनही एक गैरसमज झाला असता. पडताळणीसाठी त्या मुलीने आपल्या खात्याचा सगळा डेटा सेटिंगमधून उतरवून आणला. त्या फाइलीत नोंद सातची वेळ अशी होती :

```
"create_time": 1757518200
```

हे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. माझ्या सहकाऱ्याने एका संकेतस्थळावर ते बदलून पाहिले तर १० सप्टेंबर २०२५, दुपारचे साडेतीन. वहीत तिने रात्रीचे नऊ लिहिले होते, आणि साडेतीनला तर ती माझ्याच तासाला बसली होती. सहकाऱ्याच्या कपाळावर आठी पडली. पण ती वेळ ग्रिनिचची होती. आपले साडेपाच तास मिळवले की बरोबर नऊ वाजतात.

मग प्रश्न आला संदर्भ देण्याचा. याबाबत शैलीपुस्तकांचंही एकमत नाही. एपीएने २०२३ मध्ये सांगितलं की साधन बनवणारी कंपनी लेखकाच्या जागी लिहा, पुढे वर्ष, साधनाचं नाव, आवृत्ती आणि पत्ता. एमएलए म्हणते की साधनाला लेखक मानूच नका, नोंदीची सुरुवात तुम्ही काय विचारलं तिथून करा. कोणतीही शैली घ्या, पण मी विद्यार्थ्यांना एक भेद आग्रहाने सांगते. असा संदर्भ मजकूर कसा तयार झाला एवढंच सांगतो, मजकूर खरा आहे याची हमी देत नाही. फवारणीच्या मात्रेला आधार हवा असेल तर तो नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या शिफारशीचाच द्यायचा. शेतकऱ्याने काय मारलं, याला आधार तिच्या मुलाखतीच्या वहीचा.

तिने प्रकल्पात कार्यपद्धतीच्या प्रकरणात शेवटी असं लिहिलं : ‘मुलाखतींच्या टिपणांची भाषा सुधारण्यासाठी चॅटबॉट वापरला (परिशिष्ट ब, नोंद ४ ते ९). नोंद ७ मधील उत्तरात मात्रेचं एकक व कारणांची अनिश्चितता बदललेली आढळल्याने ते उत्तर रद्द केलं. शेतकऱ्यांची विधानं त्यांच्याच शब्दांत दिली आहेत.’ आणि खरोखरच सगळी विधानं पुन्हा वऱ्हाडीत आली, खाली तिच्या स्वतःच्या शब्दांत अर्थ. तक्त्यात ‘नक्की सांगता येत नाही’ असा नवा रकाना उघडला. उरलेल्या नोंदी तपासताना त्यात भर पडत गेली. माझ्या मते तिच्या प्रकल्पातला तोच सगळ्यांत उपयोगी रकाना ठरला.

परिशिष्ट छापायच्या आधी एक काम उरलं होतं. काही सूचनांमध्ये तिने शेतकऱ्याचं नाव, गावासकट गट नंबर आणि एके ठिकाणी मोबाइल नंबरही चिकटवला होता. वहीतून तो खोडता येतो, यंत्राकडे गेलेला परत येत नाही. यंदापासून मजकूर पाठवण्याआधीच ‘शेतकरी १’, ‘शेतकरी २’ करायचं आणि आकडे, एककं, नकार आणि ‘असेल’, ‘वाटते’सारखे शब्द अधोरेखित करून ठेवायचे, असा नियम केला आहे. उत्तर आलं की आधी ते अधोरेखित शब्द जागेवर आहेत का ते बघायचं.

यंदाच्या मुलांनी लगेच विचारलं, बोलून टाइप केलं तर त्याचीही नोंद ठेवायची का? विभागात यावर बराच खल झाला. जे ऐकलं तेच उतरवतं त्याची नोंद नको, जे वाक्य बदलतं त्याची हवी, असं तूर्त ठरलं आहे. पण फोनचा कीबोर्ड आता वाक्य सुचवतो, दुरुस्तही करतो, त्यामुळे ही रेघ पुढच्या सत्रात परत आखावी लागेल.