उजवा कालवा, कागदाच्या डावीकडे

आमच्या विभागातील एक सहकारी दृष्टिहीन आहेत. विस्थापितांच्या कथनांवरील तासासाठी त्यांना गोसीखुर्द प्रकल्पाची रचनाकृती हवी होती. तिच्या पर्यायी मजकुरात एवढेच होते: ‘धरण व कालव्यांची आकृती’. स्क्रीन रीडरने ते वाचले आणि सरांनी विचारले, “पाणी कुठून कुठे जाते?”

म्हणून वर्णनासाठी आम्ही डोळ्यांचा क्रम सोडून पाण्याचा क्रम धरला. पण येथे एक गंमत आहे. वैनगंगा येथे दक्षिणेकडे वाहते आणि काठाचे डावे-उजवे प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरते; त्यामुळे उत्तर वर ठेवलेल्या आकृतीत उजवा कालवा कागदाच्या डावीकडे येतो. ‘डावीकडची रेघ’ असे लिहिले, तर ऐकणारा भलत्याच काठाला लागतो. तेव्हा आम्ही पूर्व-पश्चिम वापरले.

स्क्रीन रीडर पर्यायी मजकूर सलग वाचतो, म्हणून तो एकाच वाक्याचा ठेवला: ‘धरणाचे पाणी दोन कालव्यांत व चार उपसा योजनांत कसे वाटले जाते, याची आकृती, तपशील खाली.’ तपशिलात आधी ३३ दरवाजांचे धरण. मग पश्चिमेचा सुमारे ९९ किलोमीटरचा उजवा कालवा, जो आसोलामेंढा तलावापर्यंत जातो. मग पूर्वेचा, सुमारे २३ किलोमीटरचा डावा. शेवटी टेकेपार, आंभोरा, नेरला, मोखाबर्डी या उपसा योजना. रंग गाळले; त्यांनी वेगळे काही सांगितलेले नव्हते.

सरांनी ऐकत ऐकत बोटाने टेबलावर आकृती रेखाटली, ती बरोबर उतरली. मग विचारले, “बुडालेली गावे?”

आकृतीत ती नव्हती. वर्णनात आम्ही तेही लिहिले.