शेकडा सोळा

रुपया म्हणजे रुपया, त्यात पुन्हा भेद तो कसला, असे ज्यांस वाटत असेल त्यांनी आमच्या आजोबांच्या काळी बार्शीहून लातुरास जाऊन पाहावयास हवे होते. बार्शी इंग्रजी अमलाखाली आणि लातूर निजामाच्या राज्यात. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी हद्द ओलांडून गेली की करोडगिरीचे नाके बदले, कचेरीची भाषा बदले आणि खिशातले नाणेही परके होऊन बसे. इकडचा रुपया राजाच्या मुखवट्याचा. त्यास कलदार म्हणत. तिकडचा चारमिनारच्या चित्राचा. तो हाली शिक्का. कलदार पुरा एक तोळा वजनाचा आणि त्यात बारा भागांत अकरा भाग रुपे. हाली वजनाने जरासा हलका आणि रुप्याने त्याहून उणा. सरकारी हिशेबाने सात हाली बरोबर सहा कलदार. शंभर कलदारांचे हाली करावयाचे तर ११६ रुपये १० आणे ८ पै. ‘सातास सहा’ हे कोष्टक त्या मुलखात शेंबड्या पोरासही पाठ असे.

आमचे आजोबा बार्शीस शाळामास्तर होते. त्रैराशिक आणि शेकडेवारी शिकविण्यात त्यांचा हातखंडा होता, असे त्यांचे जुने विद्यार्थी आम्हांस सांगत. आजोबा स्वतः मात्र या विषयाची गोष्ट निघाली की हसत आणि माजघरातून एक लाल बासनातली वही आणावयास सांगत. त्या वहीत १९३६ सालातल्या एका प्रवासाचा जमाखर्च आहे. वही आज आमच्याजवळ आहे आणि गोष्ट आम्ही त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकलेली आहे.

प्रवासाचे कारण मोठे नाजूक होते. आजोबांची वडील बहीण, जिला घरात सारे आक्का म्हणत, नांदेडास दिली होती. यजमान वारल्यावर ती माहेरी आली. यजमानांचा तेथील दुकानात भाग होता, आणि भागीदाराने बरीच टोलवाटोलवी करून अखेर ७०० हाली रुपये देऊन मोकळे होण्याचे कबूल केले होते. इकडे बार्शीचे राहते घर ६०० कलदारांवर गहाण पडलेले, आणि मुदत पंधरवड्यावर आलेली. सातशे हाली म्हणजे सहाशे कलदार. आक्काने हा मेळ बोटांवर घालून आजोबांस सांगितला आणि म्हणाली, “दादा, देवानेच जमवून दिलेय बघ.” आजोबांनी खर्चासाठी शंभर कलदार कमरेस बांधले आणि ते निघाले.

लातुरास उतरल्यावर त्यांनी पहिले काम केले ते नाणे बदलण्याचे. गंजाच्या वाटेवर एक इसम गोणपाट अंथरून, पुढे लाकडी पेटी ठेवून बसला होता. भाव विचारताच तो म्हणाला, “शेकडा सोळा, मास्तर.” म्हणजे शंभर कलदारांस ११६ हाली. सरकारी दराहून हे दहा आणे आठ पै कमी. पण उन्हात बसणाऱ्या माणसाने तेवढे घेतले तर ती त्याची मजुरीच, असे म्हणून आजोबांनी पैसे पुढे केले. मग त्यांनी शहाण्या प्रवाशाचे कर्तव्य पार पाडले. प्रत्येक रुपया फरशीवर आपटून त्याचा नाद ऐकला, कड पाहिली, झिजलेले दोन रुपये परत करून बदलून घेतले. एकही नाणे खोटे नव्हते. आपण फसलो नाही, या समाधानात ते धर्मशाळेत गेले.

दुसऱ्या दिवशी बार्शीस परतणारा एक ओळखीचा व्यापारी भेटला. त्याच्याबरोबर घरी तीस रुपये पाठवावे, असे आजोबांच्या मनात आले. त्यांनी पस्तीस हाली मोजले आणि ते त्याच इसमाकडे गेले. सातास सहा या कोष्टकाने पस्तिसांचे तीस व्हावयास हवेत. हातात आले २९ रुपये ६ आणे ५ पै. आजोबांनी कारण विचारले तेव्हा तो गृहस्थ मुळीच गडबडला नाही. “बट्टा तोच, मास्तर, शेकडा सोळा. काल तुम्हांला सोळा दिले, आज सोळा घेतो. पस्तिसावर पाच रुपये नऊ आणे सात पै. कागदावर मांडून बघा.” आजोबांनी मांडून पाहिले. शेकडा सोळाप्रमाणे पस्तिसांवर बट्टा खरोखरच तेवढा होत होता. काल दिले तेच आज घेतले, यात अन्याय कोणता? आजोबा निरुत्तर झाले आणि पदरचे नऊ आणे सात पै घालून त्यांनी तीस रुपये पुरे केले.

परंतु ते नऊ आणे सात पै त्यांच्या मनातून जाईनात. नांदेडच्या वाटेवर मोटारीत धूळ खात बसलेले असता ते तोच हिशेब पुनःपुन्हा करीत राहिले. शेवटी त्यांनी प्रश्न उलटा घातला. परवा मी शंभर कलदार देऊन ११६ हाली घेतले. समजा, मी तेथून हललोच नाही आणि ते ११६ तसेच त्याच्या पुढ्यात ठेवले, तर मला काय मिळेल? शेकडा सोळा बट्टा कापला तर ११६ मधून सुमारे साडेअठरा रुपये जातात आणि हाती साडेसत्त्याण्णवही येत नाहीत. नाणे तेच, माणूस तोच, बट्टाही तोच. मग अडीच रुपये गेले कोठे? आणि त्याच क्षणी मास्तरांस आपली शाळा आठवली. जाताना सोळा मोजले ते शंभर कलदारांवर. येताना सोळा मोजले ते शंभर हालींवर. शेकडा एकच, पण ज्या शंभरावर तो बसविला ते शंभर निराळे. सोळा मिळविल्यावर झालेल्या मोठ्या रकमेतून मूळचे शंभर परत हवे असतील तर शेकडा चौदाहून कमीच वजा करावयास पाहिजेत. “पोरांना हे गणित मी दरसाल फळ्यावर शिकवीत होतो,” आजोबा म्हणत, “आणि बाजारात पाठमोरे आले तेव्हा ओळखले नाही!”

नांदेडास भागीदाराने पैसे चोख मोजून दिले. आता सातशे हालींचे कलदार करावयाचे होते. गुरुद्वाऱ्यास पंजाबकडून येणाऱ्या यात्रेकरूंची तेथे सदाची वर्दळ, त्यामुळे त्या वाटेवर नाणी बदलून देणाऱ्यांस तोटा नव्हता. पहिल्याने सांगितले, “शेकडा सोळा.” आजोबांनी मनात मांडले: सातशेवर बट्टा ११२, हाती ५८८. घर सोडविण्यास बारा रुपये कमी. चार दिवसांपूर्वी हाच भाव त्यांनी ‘लातुरासारखाच आहे’ म्हणून मुकाट्याने पत्करला असता. आता त्यांनी बट्ट्याची भाषाच सोडून दिली. ते म्हणाले, “शेकडा राहू द्या. मला एवढेच सांगा, शंभर कलदार घ्यावयाचे तर मी किती हाली मोजू? आणि शंभर कलदार तुम्हांला दिले तर तुम्ही किती हाली मोजाल?”

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लगेच आले: ११६. पहिल्याचे येईना. तो पुन्हापुन्हा ‘शेकडा सोळा’ याच पदावर येई. ५८८ कलदारांस सातशे हाली म्हणजे शंभरास ११९ पडतात. हा आकडा उघड बोलला तर गिऱ्हाईक उठून जाईल हे त्यास पक्के ठाऊक होते. आजोबाच उठले. पुढच्या झाडाखाली एक म्हातारा बसला होता. त्याला हेच दोन प्रश्न विचारताच तो मान वर न करता म्हणाला, “घेताना एकशे सोळा देतो, देताना एकशे सतरा घेतो. मधला रुपया माझ्या पोटाचा.” आजोबांनी तेथेच सातशे रुपये ओतले. ५९८ रुपये ४ आणे ८ पै मिळाले. उरलेले १ रुपया ११ आणे ४ पै त्यांनी स्वतःच्या खर्चातून घातले आणि मुदतीच्या आधी चार दिवस आक्काचे घर सुटले.

म्हाताराही नफा घेतच होता, हे आजोबा आम्हांस आवर्जून सांगत. दोन दरांत अंतर असावयाचेच. नाणी जवळ बाळगावी लागतात, झिजकी पदरात येतात, दिवस बसून काढावा लागतो. शंभरामागे एक रुपया ही त्याची किंमत. वाईट सौद्याची खूण नफा ही नव्हे; तो किती आहे हे दोन्ही बाजूंनी एकाच मापाने सांगण्याची टाळाटाळ, ही ती खूण. जो नुसता एका बाजूचा भाव सांगतो, किंवा दोन्ही बाजूंस एकच गोंडस आकडा सांगतो, त्याच्यापुढे थांबावे.

हैदराबाद संस्थान १९४८ साली भारतात सामील झाले. १९५० साली तेथे भारतीय रुपया आला तोही सातास सहा याच प्रमाणाने, आणि पुढल्या वर्षापासून हाली काढणे बंद झाले. तेव्हा या विद्येचा उपयोग आम्हांस होण्याचा संभव नाही, असे आम्ही समजत होतो. पण २०१७ साली प्राग शहरी जाण्याचा योग आला. रस्त्यावरच्या एका खिडकीवर ‘दलाली नाही’ अशी मोठी पाटी आणि खाली एक देखणा दर. आम्ही शंभर युरोची नोट खिशातून काढण्यापूर्वी आजोबांचा प्रश्न विचारला: या नोटेचे जे स्थानिक चलन तुम्ही द्याल, तेच मी आत्ता परत केले तर मला किती युरो मिळतील? खिडकीतल्या तरुणाने यंत्रावर बोटे चालविली आणि नाइलाजाने आकडा दाखविला: ६८. दलाली नव्हती हे खरेच; दर मात्र बत्तीस खाऊन बसला होता. पलीकडच्या गल्लीत तोच प्रश्न आम्ही पुन्हा विचारला तेव्हा उत्तर ९७ आले आणि आम्ही तेथे नोट बदलली. असले प्रकार तेथे इतके होत की २०१९ पासून ठराविक रकमेपर्यंतचा सौदा तीन तासांच्या आत मोडण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. लातूरच्या गंजात तशी सोय नव्हती.

परत आल्यावर आम्ही ती लाल बासनातली वही पुन्हा उघडली. नांदेडच्या पानावर ‘सराफाची मजुरी व तूट, १ रुपया ११ आणे ४ पै, रास्त’ अशी नोंद आहे. लातूरच्या नऊ आणे सात पैंचा शोध घेताना मात्र वेळ लागला, कारण ते प्रवासखर्चात नव्हते, नुकसानीतही नव्हते. मुलांच्या पाट्या, पुस्तके आणि फी यांच्या खाली, ‘शिक्षण’ या सदरात आजोबांनी ते मांडले होते.