दोन वाक्यांची ओळख

म्हैसूरच्या अग्रहार भागातील एका मराठी भाषक घरात त्या संध्याकाळी एका बायोडेट्यावर चर्चा चालली होती. घरातील मुलगी नुकतीच बी. कॉम. झाली होती. लेखा सहायकाच्या जागेसाठी अर्ज करताना आरंभी दोन वाक्यांत आपली ओळख द्यायची होती. तिने लिहिले होते : ‘मी मेहनती व प्रामाणिक आहे. मला अनुभव नाही, परंतु शिकण्याची इच्छा आहे.’

तिचे काका निवृत्त हिशेबनीस. ते म्हणाले, “अगं, मेहनती तर प्रत्येकच अर्जदार म्हणवतो. तू काय केलेस, ते सांग.”

तिने आठ आठवडे एका कर सल्लागाराकडे इंटर्नशिप केली होती. खरेदीची बिले टॅलीत नोंदवायची आणि विक्रेत्यांनी भरलेल्या माहितीवरून जीएसटीच्या संकेतस्थळावर तयार होणाऱ्या तक्त्याशी ती ताडून पाहायची, हे तिचे काम. विक्रेत्याने बिल दाखवलेच नसेल, तर खरेदीदाराला त्यावरील कराची वजावट मिळत नाही. म्हणून तफावत वेळीच सापडणे महत्त्वाचे. सुदैवाने तिने रोजची वही ठेवली होती. मोजले, तेव्हा ६४० बिले आणि २३ तफावती निघाल्या.

महाविद्यालयीन प्रकल्पात देवराज मार्केटमधील ४८ दुकानदारांच्या उधारीच्या नोंदी पाहिल्या होत्या. तिने तोच आकडा लिहिला. काकांनी विचारले, “सगळ्या दुकानांत तू गेलीस?” गट चौघींचा होता, तिच्या वाट्याची दुकाने १२. तिने आकडा बदलला. ‘टॅलीत निष्णात’ हे शब्दही गेले, कारण वेतनपत्रक कसे करतात असे मुलाखतीत विचारले असते, तर तिला उत्तर देता आले नसते. लिहिलेल्या प्रत्येक शब्दावर प्रश्न येऊ शकतो, ही कसोटी तिला सोपी वाटली.

शेवटी असे उतरले : ‘वाणिज्य पदवीधर, कर सल्लागाराच्या कार्यालयातील आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये ६४० खरेदी बिले टॅलीत नोंदवून जीएसटी नोंदींशी ताडली व २३ तफावती शोधल्या. महाविद्यालयीन प्रकल्पात १२ दुकानदारांच्या उधारीच्या नोंदींचा अभ्यास केला असून, लेखा सहायक म्हणून बिले व खाती जुळवण्याचे काम करू इच्छिते.’

‘अनुभव नाही’ हे कोठेही लिहिले नव्हते आणि लपवलेही नव्हते. ‘इंटर्नशिप’ हा शब्द तेथे होताच. तो गाळून केवळ ‘आठ आठवडे काम केले’ असे लिहिले असते, तर मात्र वाचणाऱ्याची दिशाभूल झाली असती.

दुसऱ्या दिवशी एका घाऊक व्यापाऱ्याची जाहिरात आली. त्याला उधारीची वसुली पाहणारे माणूस हवे होते. तिने उधारीचा प्रकल्प पहिल्या वाक्यात आणला, बिलांचे काम दुसऱ्यात नेले आणि पदाचे नाव बदलून अर्ज धाडला.