चतुर्थी उणे सात

२०२६ च्या मे महिन्यात, तिसरा आठवडा सरता सरता, आमच्या घरच्या यूट्यूब चॅनेलवरचा अनारशांचा एक जुना व्हिडिओ एकाएकी चालू लागला. अनारसे हा आमच्या लेखी दिवाळीचा विषय. आदल्या वर्षीच्या व्ह्यूजचा आलेख पुढ्यात घेऊन आम्ही वर्षाची आखणी करतो, आणि त्या आलेखात मे महिन्यात अनारशांची रेघ जमिनीला टेकून पडलेली होती. कुणी मोठ्या माणसाने दुवा दिला की काय, अशी चर्चा आम्ही आणि मुलगा करीत असताना आई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अधिक लागलाय. जावयाला वाण द्यायचं ते काय आकाशातून पडतं?"

१७ मेपासून अधिक ज्येष्ठ लागला होता. २०२५ मध्ये अधिक महिना नव्हताच. मग त्या वर्षीच्या आलेखात तो दिसणार कुठून? मागचा अधिक श्रावणातला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट २०२३. ती जुनी रेघ काढून पाहिली तर उंचवटा अगदी जागच्या जागी होता. आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. संहितेला तिच्या काळापासून तोडून वाचू नये असे वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. घरच्या आलेखाला मात्र तो नियम लावायचे सुचले नव्हते. दुर्गाबाईंचे 'ऋतुचक्र' चैत्रापासून सुरू होते, हे विद्यार्थ्यांना सांगणाऱ्या आम्ही जानेवारी ते डिसेंबर असा कागद आखून बसलो होतो.

याची किंमत आम्ही २०२५ च्या गणपतीत मोजली होती, ती आधी सांगतो.

चॅनेलवर उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ २०२३ चा. हात आईंचे, कॅमेरा मुलाचा, आणि उजेड ट्यूबलाइटचा, म्हणून मोदक पिवळट दिसतात. २०२४ मध्ये, म्हणजे व्हिडिओ जुना झाल्यावर, त्याची दररोजची रेघ फार बोलकी होती. एरवी दिवसाला तीसचाळीस व्ह्यूज; २६ ऑगस्टपासून चढण; ६ सप्टेंबरला जवळजवळ २,९०० चे शिखर; आणि १० सप्टेंबरला पुन्हा तीनशेच्या खाली. त्यावरून आम्ही ठरवले की २०२५ मध्ये चांगल्या उजेडात नवा व्हिडिओ करायचा आणि चढण सुरू होण्याच्या सहा दिवस आधी, म्हणजे २० ऑगस्टला, तो चढवायचा. मखराचा व्हिडिओ २४ तारखेला. गणपती यंदा लवकर आहेत हे भिंतीवरच्या कॅलेंडरमुळे आम्हांला ठाऊक होतेच. पण आठवडाभर आधी म्हणजे वेळेवरच, असे वाटले.

२०२४ ची चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ची २७ ऑगस्टला. २०२४ ची चढण २६ ऑगस्टला सुरू झाली ती चतुर्थीच्या बारा दिवस आधी म्हणून. २६ या आकड्याला स्वतःचे काही महत्त्व नव्हते. २०२५ मध्ये तीच चढण १५ ऑगस्टला सुरू झाली. आमचा नवा व्हिडिओ चतुर्थी उणे सात या दिवशी, चढणीच्या मध्यावर, येऊन पडला. पहिल्या दोन दिवसांत त्याला अकराशे व्ह्यूज मिळाले आणि आम्ही खूश झालो. पण ते जवळजवळ सगळे आपले नेहमीचे वर्गणीदार होते. शोध घेणारे लोक मात्र ओळखीच्या, पिवळट, जुन्या व्हिडिओकडेच गेले. शिखराच्या दिवशी शोधातून जुन्याला २,६००, नव्याला १९०. नव्या व्हिडिओला शोधात वर यायला जे दिवस लागतात, ते आम्ही त्याला दिलेच नव्हते. मखराचे तर हसूच झाले. मखर शोधणारा माणूस पंधरवडाभर आधी शोधतो, कारण त्याला थर्माकोलऐवजी पुठ्ठा आणायचा असतो, कापायचा असतो, रंगवायचा असतो. तीन दिवस उरले असता तो शोधत नाही, बाजारातून तयार आणतो.

चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. म्हणून आपले बहुतेक सण इंग्रजी तारखेत वर्षाला अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की एकदम अठराएकोणीस दिवस पुढे उडी घेतात. २०२५ ची चतुर्थी २७ ऑगस्टची, २०२६ ची १४ सप्टेंबरची. अंतर अठरा दिवसांचे. संक्रांत तेवढी सूर्याची, ती १४-१५ जानेवारीला ठाण मांडून असते आणि तिळगुळाची आखणी तारखेने केली तरी चालते. बाकी सर्वांसाठी तारीख पुसून टाकायची आणि तिच्या जागी 'सणाला किती दिवस उरले' हा आकडा लिहायचा. `YouTube Studio` मध्ये व्हिडिओचे `Advanced mode` उघडून, दररोजचे आकडे उतरवून घेऊन, शेजारच्या रकान्यात एवढेच सूत्र लिहिले की काम होते:

```
=A2-DATE(2025,8,27)
```

मग उणे बारा, उणे अकरा असे दिवस एकाखाली एक येतात आणि दोन वर्षांच्या रेघा एकमेकींवर ठेवता येतात. ठेवल्या, तेव्हा त्या जवळजवळ एकरूप झाल्या. वर्षभर ज्याला आम्ही प्रेक्षकांचा लहरीपणा म्हणत होतो, तो पंचांगाचा नियमितपणा निघाला.

एक गोष्ट तरीही खटकत राहिली. आरत्यांच्या व्हिडिओची मोठी उसळी उणे एक या दिवशी दिसत होती. गणपती घरात यायच्या आधीच आरती कोण म्हणतो? मोदकांच्या बाबतीत शंका आली नसती, कारण आदल्या दिवशी कृती पाहणे स्वाभाविक आहे. आरतीने चूक पकडून दिली. यूट्यूबच्या आलेखातला दिवस आपला नसतो; तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर चालतो. उन्हाळ्यात तो आपल्याकडच्या दुपारी साडेबाराला सुरू होतो, हिवाळ्यात दीडला. म्हणजे चतुर्थीची सगळी सकाळ, प्राणप्रतिष्ठेपासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत, आलेखात आदल्या तारखेच्या पोटात जाते. आखणीत याने अर्ध्या दिवसाचा फरक पडतो. बारा दिवसांच्या चढणीत तो जाणवत नाही. शेवटच्या दोन दिवसांसाठी काही करायचे असेल तर मात्र तेवढ्याने बस चुकते.

आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी करण्यासारखे काही आहे, हे आम्हांला दुसऱ्या एका वाचनातून कळले. एकूण व्ह्यूजची रेघ बाजूला ठेवून फक्त `YouTube search` मधून आलेली रेघ पाहायची, म्हणजे अपलोडच्या दिवशीचा वर्गणीदारांचा फुगा आपोआप गळून पडतो. त्याखाली लोकांनी काय काय टंकले त्याची यादी असते. ती दिवसांच्या क्रमाने वाचताना आम्ही क्षणभर आखणी विसरलो. दहाबारा दिवस आधी लोक पिठीबद्दल विचारतात: तांदूळ कोणता, धुऊन वाळवायचा किती, आंबेमोहोर नसेल तर काय. आठवड्यावर आले की नुसते 'उकडीचे मोदक'. आणि शेवटच्या दिवशी, चतुर्थीच्या सकाळीसुद्धा: उकड कोरडी झाली तर, मोदकाला चिरा पडतात, मोदक वाफवताना फुटतात. आमच्या सतरा मिनिटांच्या व्हिडिओत चिरांचे उत्तर चौदाव्या मिनिटाला आहे. ओल्या हातांनी फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला चौदावे मिनिट सापडत नाही.

म्हणून २०२६ साठी मोदकांचे तीन तुकडे केले. पिठीचा आणि संपूर्ण कृतीचा व्हिडिओ चतुर्थी उणे अठराला. चिरांचा दीड मिनिटाचा, तोही त्याच दिवशी, कारण शोधात वर यायला त्यालाही दिवस लागणारच. उणे दोनला काही नवे नाही. त्या दिवशी फक्त जुन्या पिवळट व्हिडिओच्या शेवटी चिरांच्या व्हिडिओचा दुवा लावायचा.

गौरींना वेगळे शून्य द्यावे लागले. त्या तिथीने येत नाहीत, नक्षत्राने येतात: अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन. २०२४ मध्ये आवाहन चतुर्थीनंतर तीन दिवसांनी होते, २०२५ मध्ये चार. शिवाय विदर्भ-मराठवाड्यात त्याच गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, तेव्हा शीर्षकात दोन्ही नावे हवीत.

पण गौरींची खरी अडचण आखणीत नव्हती. व्हिडिओ आधी चढवायचा म्हणजे त्याआधी करायचा, म्हणजे श्रावणात पुरणपोळी आणि सोळा भाज्यांचे पान वाढायचे, समोर गौर नसताना. आईंनी नकार दिला. "नैवेद्य दाखवायचा तो कुणाला? तुमच्या त्या दिव्यांना?" आम्ही त्यांना आलेख दाखवला, उणे बाराची चढण समजावली. त्यांनी तो शांतपणे पाहिला आणि म्हणाल्या, "हे लोक आधी बघतात ते त्यांच्या गौरीसाठी. मी आधी केलं तर ते कुणासाठी?" यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही.

वाट मुलाने काढली. १ सप्टेंबर २०२५ च्या पूजनाच्या दिवशी त्याने सगळा स्वयंपाक चित्रित करून ठेवला होता. घाईत तो चढवायचा राहिला होता. तोच आता २०२६ च्या गौरींआधी जाईल. यापुढे दर सणाचे चित्रण त्या सणालाच, आणि ते चढवायचे पुढच्या वर्षी. संकलन करताना आई शेजारी येऊन बसल्या. पडद्यावर त्या पाट्यावर पुरण वाटीत होत्या, एका लयीत, न थांबता. हिवाळ्यापासून त्यांच्या उजव्या मनगटात जोर राहिलेला नाही. "हे असूं दे," त्या म्हणाल्या, "यंदा पुरण सून वाटेल, ते पुढच्या वर्षी दाखवा."

मोदकांना मात्र वर्षभर थांबता येत नव्हते. तिथे आईंनीच तोड सुचवली. आषाढी एकादशीनंतर येणाऱ्या संकष्टीला मोदक करायचे. तो नैवेद्य खराच असतो आणि २७ ऑगस्टच्या कितीतरी आधी येतो. मुलाने लगेच वेळापत्रक मांडले: सकाळी पिठी, दुपारी खिडकीतल्या उजेडात वळणी, चार वाजता मोदक फोडून तुपाची धार सोडतानाचे शेवटचे दृश्य.

"चार वाजता?" आई म्हणाल्या. "चंद्रोदयाआधी मोदक फोडायचा?"

तेव्हा ते दृश्य रात्री होईल, ट्यूबलाइटच्याच उजेडात.